जुळी गर्भधारणा

गर्भाशयात एकाच वेळी दोन गर्भ वाढत असण्याची अवस्था. दोन वेगळी स्त्रीबीजे फलित झाली तर द्विबीज जुळी होतात; एकच फलित बीज दुभंगले तर एकबीज. लोकांचे कुतूहल या भेदाभोवती असले, तरी तपासण्यांचे वेळापत्रक दुसऱ्याच गोष्टीवर ठरते: दोन्ही गर्भांची वार वेगळी आहे की दोघांत एकच?

द्विबीज जुळ्यांत वार जवळजवळ नेहमीच वेगळी असते. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांतही ती वेगळी असते, उरलेल्यांत सामाईक. असे का होते, याचे प्रचलित उत्तर दिवसांच्या हिशेबात दिले जाते. बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगले तर वार वेगळी. साधारण चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगले तर वार एक पण गर्भजलाच्या पिशव्या दोन. त्यानंतर दुभंगले तर वार आणि पिशवी दोन्ही एकच. आणि तेराव्या दिवसानंतर सयामी जुळी. ही मांडणी विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली असावी. मात्र मानवी बीज ठरलेल्या दिवशी असे दुभंगताना थेट पाहून ती केलेली नाही. जन्मानंतर वार आणि पडदे तपासून मागे जाऊन काढलेला तो तर्क आहे. २०१५ मध्ये स्पॅनिश वैद्यकतज्ज्ञ गोंझालो एरांझ यांनी याच मुद्द्यावर तिच्यावर टीका केली. कृत्रिम गर्भधारणेत पाचव्या दिवसाचा एकच भ्रूण सोडूनही क्वचित वेगळ्या वारेची एकबीज जुळी आढळतात. त्यामुळे दिवसांची ही कोष्टके काटेकोर न मानता ढोबळ धरणे बरे.

वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट कळते. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथे वारेचा भाग पाचरीसारखा पडद्यात शिरलेला दिसला, तर वार वेगळी. पडदा तलम असून काटकोनात टेकलेला दिसला, तर वार सामाईक. पुढे पाचर पुसट होत जाते. म्हणून ही संधी हुकू नये आणि निष्कर्ष अहवालात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा. 'जुळे गर्भ, दोन्हींचे ठोके व्यवस्थित' एवढाच अहवाल अपुरा होय.

वार वेगळी असेल तर विसाव्या आठवड्याच्या सुमारास होणाऱ्या सविस्तर तपासणीनंतर साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते. सामाईक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी. सामाईक वारेत दोन्ही गर्भांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, आणि अशा सुमारे दहा ते पंधरा टक्के गर्भधारणांत एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे वाहत राहते. देणाऱ्याची लघवी कमी होऊन त्याचे गर्भजल आटते, घेणाऱ्याचे वाढते.

उदाहरणार्थ, सोळाव्या आठवड्यात दोन्ही पिशव्यांतील पाण्याची सर्वांत खोल जागा ४ सेंटिमीटरच्या आसपास आहे. अठराव्या आठवड्यात एकीकडे ती १.५ आणि दुसरीकडे ९ सेंटिमीटर भरते. पाणी कमी असलेल्या गर्भाचे मूत्राशयही दिसत नाही. २ पेक्षा कमी आणि ८ पेक्षा जास्त ही निदानाची सीमा आहे (विसाव्या आठवड्यानंतर अनेक ठिकाणी वरची सीमा १० धरतात). मूत्राशय न दिसणे म्हणजे या विकाराची तीव्रता ठरवणाऱ्या क्विंटेरो वर्गवारीतील दुसरी पायरी. अशा वेळी दुर्बिणीतून लेझरने जोडवाहिन्या बंद करतात. चार आठवड्यांनी तपासणी असती, तर हा बदल विसाव्या आठवड्यापर्यंत नजरेआड राहिला असता. दोन तपासण्यांच्या मधे पोट अचानक ताणले, घट्ट झाले किंवा धाप लागू लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आहाराबाबत मतैक्य कमी आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये, आधीचे वजन प्रमाणात असलेल्या स्त्रीसाठी जुळ्यांत १७ ते २५ किलो वजनवाढ सुचवली. एका बाळासाठी हाच आकडा ११.५ ते १६ आहे. जुळ्यांचा आकडा तिने स्वतःच तात्पुरता म्हटला आहे. ब्रिटनमधील नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शनानुसार आहाराचा सल्ला एका बाळाप्रमाणेच असावा. दुप्पट खाण्याला आधार नाही, हे दोन्हींतून निघते. वाढत्या गर्भाशयाने जठर दबते, त्यामुळे थोडेथोडे पण अनेकदा खाणे सोसते. लोहाची गरज मात्र खरोखर वाढते. त्यासाठी नेहमीच्या रक्ततपासणीखेरीज २० ते २४ आठवड्यांत हिमोग्लोबिन एकदा जादा पाहतात आणि गोळ्या त्यानुसार ठरवतात.

रक्तदाब व लघवीतील प्रथिने प्रत्येक भेटीत पाहतात, कारण जुळ्यांत गर्भविषबाधेचा धोका अधिक असतो. गुंतागुंत नसल्यास वेगळ्या वारेच्या जुळ्यांचा जन्म ३७ व्या, सामाईक वारेच्या जुळ्यांचा ३६ व्या आठवड्यात घडवून आणण्याचा सल्ला देतात. पिशवीही एकच असेल तर नाळा एकमेकींत गुंतण्याच्या भीतीने ३२ ते ३४ आठवड्यांतच, सिझेरियनने.