बचत पुरण्याचा काळ (नोकरी गेल्यानंतरचा)

नोकरी गेल्यावर हाताशी असलेल्या पैशांतून घरखर्च, ठरलेली देणी आणि कर्जाचे हप्ते किती महिने वेळेवर भागवता येतील, याचा अंदाज. उद्योगधंद्यात शिल्लक रोकड किती दिवस पुरेल हे ज्या पद्धतीने काढतात, तीच पद्धत येथे घराला लावली जाते. एकूण बचतीला महिन्याच्या खर्चाने भागून उत्तर काढण्याची रीत सर्रास आढळते. पण ते उत्तर बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा मोठे येते, आणि त्यावर विसंबलेले कुटुंब निर्णय घ्यायला उशीर करते. विश्वासार्ह अंदाजासाठी भागाकाराऐवजी महिन्यामागून महिना शिल्लक उतरवत नेणारा तक्ता करावा लागतो. तो वहीच्या एका पानावर मावतो.

तक्त्याची सुरुवात हाताशी किती पैसा आहे इथून होते. बचत खात्यातील रक्कम पूर्ण धरतात. मुदत ठेव मुदतीआधी मोडल्यास व्याज कमी मिळते किंवा दंड कापला जातो, म्हणून ती थोडी कमी धरतात. शेअर आणि म्युच्युअल फंड आजच्या भावाने धरणे धोक्याचे असते. नोकऱ्या जाण्याचा काळ आणि बाजार पडण्याचा काळ अनेकदा एकच असतो. अमेरिकेतील एस अँड पी ५०० निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात निम्म्याहून अधिक घसरला. त्याच मंदीत तिथली बेरोजगारी वाढत जाऊन ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचली. म्हणून अशी गुंतवणूक आजच्या किमतीच्या तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी धरणे शहाणपणाचे. निवृत्तीसाठी ठेवलेला निधी पहिल्या हिशेबात धरूच नये. तो लवकर काढता येईलच असे नसते, आला तरी त्यावर कर किंवा दंड लागू शकतो, आणि एकदा मोडला की भरून काढायला वर्षे लागतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी पहिल्याच दिवशी या रकमेतून वजा करावी, कारण तो झालेला खर्च आहे, फक्त भरायचा राहिला आहे.

खर्चाची बाजू आठवणीतून लिहिली की हमखास कमी भरते. त्यासाठी मागील बारा महिन्यांचे बँक खात्याचे उतारे समोर घेऊन बसावे लागते. बारा महिन्यांचे यासाठी की विम्याचा हप्ता, शाळेची फी, मालमत्ता कर, वाहनाचा विमा ही देणी वर्षातून एकदा किंवा दोनदाच येतात आणि तीन महिन्यांच्या उताऱ्यात दिसतही नाहीत. या देण्यांची वर्षभरात सरासरी काढून ती दर महिन्यात वाटून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. पैसे ज्या महिन्यात खात्यातून जाणार त्याच महिन्यात ते मांडावेत, कारण शिल्लक संपते ती बहुधा अशाच एखाद्या मोठ्या देण्याच्या महिन्यात. नोकरीसोबत जाणाऱ्या सोयींची किंमतही याच बाजूला येते. मालकाने दिलेला आरोग्यविमा संपला असेल तर कुटुंबाचा नवा विमा हा पहिल्या महिन्याचा खर्च ठरतो. प्रवासाचा खर्च घटतो, पण घरातील वीज वाढते आणि मुलाखतींसाठी जाणे-येणे वाढते. या दोन्हींची वजाबाकी सहसा वाटते तितकी फायद्याची नसते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. नवरा-बायकोच्या एका घरात दोघांपैकी मोठा पगार बंद झाला आहे. दुसऱ्याचे उत्पन्न दरमहा १८,००० आहे. घरखर्च ३८,०००, गृहकर्जाचा हप्ता ३२,०००, वाहनकर्जाचा ९,०००, म्हणजे दरमहा ७९,००० जातात. १८,००० येत असल्याने बचतीतून दरमहा ६१,००० काढावे लागतात. बचत खात्यात ३ लाख, मुदत ठेवीत ४ लाख, फंडांत ३ लाख आणि निवृत्ती निधीत ८ लाख आहेत. सगळे मिळून १८ लाख होतात. त्याला ६१,००० ने भागले की साडेएकोणतीस महिने येतात. निवृत्ती निधी वगळला तरी सोळा महिने दिसतात.

आता हाच हिशेब तक्त्यातून. ठेव मोडल्यावर ३,९५,००० आणि फंडातून २,२५,००० धरले, बचत खात्याचे ३ लाख मिळवले आणि कार्डाची ४०,००० थकबाकी वजा केली की सुरुवातीची रक्कम ८,८०,००० उरते. पहिल्या महिन्यात ६१,००० सोबत नव्या आरोग्यविम्याचे ३०,००० जातात. कंपनीकडून येणे असलेली शेवटच्या हिशेबाची ९०,००० रक्कम दुसऱ्या महिन्यात जमा होते, त्यामुळे त्या महिन्यात शिल्लक थोडी वाढते. तिसऱ्या महिन्यात शाळेची फी ६०,००० आणि पाचव्यात आयुर्विम्याचा हप्ता ३६,०००. पाचव्या महिन्याअखेर ५,३९,००० उरतात. नवव्या महिन्यात पुन्हा शाळेची फी येते आणि शिल्लक २,३५,००० होते. बाराव्या महिन्याअखेर हाती ५२,००० असतात. तेराव्या महिन्याला ६१,००० आणि आरोग्यविम्याच्या नूतनीकरणाचे ३०,००० लागतील, तेवढे नाहीत. म्हणजे हे घर बारा महिने तगते. सोळा नाही आणि एकोणतीस तर नाहीच.

या बारा महिन्यांतही एक पोट-हिशेब दडलेला असतो. नवी नोकरी मिळण्याचा दिवस आणि नवा पगार खात्यात येण्याचा दिवस यांत अंतर असते. पगार महिन्याअखेर होत असेल तर बाराव्या महिन्याच्या सुरुवातीला तरी रुजू व्हायला हवे, आणि निवड होऊन रुजू होईपर्यंत आणखी काही आठवडे जाऊ शकतात. त्यामुळे काळ मोजताना बारातून दोन वजा करून दहा महिने शोधासाठी आहेत असे धरणे अधिक प्रामाणिक. मिळणाऱ्या बेरोजगारी भत्त्यालाही हाच नियम लागतो. तो सुरू होण्याचा महिना आणि संपण्याचा महिना, दोन्ही तक्त्यात लिहावेत.

कर्जांच्या बाबतीत चूक नेमकी उलट दिशेने होते. नोकरी गेल्यावर एकरकमी पैसे मिळाले की ‘आधी डोक्यावरचे कर्ज कमी करू’ ही भावना तीव्र असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण गृहकर्जात भरलेली जादा रक्कम सर्वसाधारणपणे मुदत कमी करते, हप्ता तोच राहतो. वरील घराने २ लाख गृहकर्जात भरले तर दरमहाचे ३२,००० जातच राहतील आणि पुरण्याचा काळ तीन महिन्यांनी घटेल. धनकोने मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून दिला तरी फारसे बदलत नाही. ३० लाखांच्या शिल्लक कर्जात २ लाख म्हणजे पंधरावा भाग. हप्ता साधारण २,१०० ने उतरेल. वर्षभरात वाचले सुमारे २५,०००, त्यासाठी हातचे २ लाख गेले. शिवाय भरलेली रक्कम गरज पडल्यावर परत मागता येत नाही.

वाहनकर्जाचे गणित पाहण्यासारखे आहे. त्याचे अठरा हप्ते उरले आहेत आणि दहा टक्के व्याजाने शिल्लक मुद्दल सुमारे दीड लाख आहे. ते आज फेडले तर बारा महिन्यांत वाचतील १,०८,०००, म्हणजे बाराव्या महिन्याअखेर शिल्लक आधीपेक्षा ४२,००० ने कमीच. पुरण्याच्या काळातच संपणारे कर्ज आधी फेडले तर उरलेले व्याज वाचते, पण तो फायदा काही हजारांचाच. मात्र वाहन विकून कर्ज फेडले तर चित्र बदलते. विक्रीतून २,१०,००० आले, तर कर्ज फिटून ६०,००० हाती राहतात आणि दरमहाचे ९,००० कायमचे थांबतात. बाराव्या महिन्याअखेर शिल्लक ५२,००० ऐवजी २,२०,००० दिसते आणि चौदावा महिना पूर्ण भागतो. पंधराव्यात शाळेची फी आली की पैसे अपुरे पडतात. ही विक्री पहिल्या महिन्यातली आहे. अकराव्या महिन्यात घाईने विकलेल्या गाडीला ना तो भाव मिळतो, ना दहा हप्ते वाचतात.

हप्ते काही महिने स्थगित करण्याची सवलत धनको देत असेल तर तिचा उपयोग होतो, पण तो वाटतो त्याहून कमी. ३० लाखांच्या कर्जावर नऊ टक्क्यांनी महिन्याचे व्याज २२,५०० होते. तीन महिने ३२,००० चा हप्ता थांबला तर ९६,००० हाती राहतात, पण न भरलेले व्याज मुद्दलात मिळून कर्ज सुमारे ६८,००० ने वाढते. उदाहरणातील घराला (वाहन न विकता) यातून तेरावा महिना पार करता येतो. चौदाव्यात ४,००० कमी पडतात. घरखर्चात दरमहा थोडी जरी काटछाट आधीपासून झाली असती तरी हा महिनाही निभावला असता. सवलत मागायची ती हप्ता चुकण्याआधी. एकदा थकबाकी नोंदली गेली की दंड लागतो, पत घसरते आणि धनकोशी बोलण्याची बाजू लंगडी पडते.

म्हणूनच तक्त्यात शून्याच्या आधी एक निर्णयाची रेषा आखतात. तीन महिन्यांच्या निव्वळ गरजेइतकी, म्हणजे येथे १,८३,००० ची रेषा धरली तर शिल्लक दहाव्या महिन्यात तिच्याखाली जाते. घर बदलणे, मालमत्ता विकणे, कमी पगाराचे काम स्वीकारणे यांतले काय करायचे ते त्या महिन्यापर्यंत ठरलेले असावे. प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो आणि तो वेळ फक्त शिल्लक असतानाच विकत घेता येतो.

अंदाज एकदा करून ठेवून देण्याचा नाही. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यांतील प्रत्यक्ष शिल्लक तक्त्यातील आकड्याशेजारी लिहितात. एखाद्या महिन्यातील तफावत वेळेच्या मागेपुढे होण्याने येऊ शकते. सलग दोन महिने प्रत्यक्ष रक्कम कमी भरली तर घरखर्चाचा आकडाच मुळात कमी धरला गेला आहे असे समजून पुढचे सारे महिने नव्याने मांडतात. उदाहरणातील घराचा खरा घरखर्च ३८,००० ऐवजी ४३,००० निघाला, तर बारा महिन्यांत ६०,००० जादा जातात आणि बाराव्या महिन्यातच ८,००० कमी पडतात. कागदावर लहान दिसणारा हा फरक पूर्ण एक महिना खातो.