‘दुःखाने’ ही सूचना नव्हे : व्हॉइस आर्टिस्टसाठी भाव आणि हेतू

ऑडिओ नाटकांच्या स्क्रिप्ट वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. वाक्याआधी कंसात एक शब्द टाकलेला असतो: दुःखाने, चिडून, मिश्कीलपणे. काही जण तर एक्सेलमध्ये ‘भाव’ नावाचा रकाना करून तो वरपासून खालपर्यंत इमानदारीने भरतात. माझा सगळ्यात नावडता शेरा म्हणजे ‘रागाने पण प्रेमाने’. हा शेरा वाचून माइकसमोरच्या माणसानं नेमकं काय करायचं?

भाव म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. घोळ होतो तो भाव आणि हेतू यांत. पात्राला काय वाटतंय तो भाव. ते वाक्य बोलून समोरच्याकडून त्याला काय हवंय, तो हेतू. कलाकाराला करता येतो तो हेतू. भाव त्याच्या मागोमाग येतो.

एक साधं वाक्य घेऊ. मुलगा रात्री उशिरा घरी आलाय. तो म्हणतो, “भूक नाहीये.” आई म्हणते, “जेवून घे.” तो परीक्षेत नापास झालाय हे तिला शेजारणीकडून कळलंय, पण कळलंय हे त्याला माहीत नाही. वडील आतल्या खोलीत झोपलेत.

आता शेरा ‘दुःखाने’ असेल, तर बहुतेक कलाकार आधी एक सुस्कारा टाकतील, आवाज खाली नेतील आणि ‘घे’ लांबवतील. चार पानांनंतर ‘दार लाव’ या वाक्यालाही ‘दुःखाने’ लिहिलेलं असतं आणि तेही हुबेहूब तसंच येतं. रेकॉर्डिंगच्या वेळी हे खपून जातं, कारण सुटं वाक्य कानाला बरं वाटतं. एडिटिंगला प्रसंग जोडला की प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज त्याच पायरीवरून घसरताना ऐकू येतो.

त्याऐवजी लिहा: ‘त्यानं आपणहून सांगावं म्हणून त्याला वेळ देतेय.’ आता आई घाई करणार नाही, आणि ‘घे’वर आवाज पडणारही नाही. वाक्य संपल्यावरही ती उत्तराची वाट बघतेय, हे ऐकणाऱ्याला कळेल. किंवा लिहा: ‘बाप उठायच्या आत त्याला खोलीत धाडायचंय.’ लगेच तेच दोन शब्द दबक्या आवाजात, तुटक, जवळजवळ हुकूम दिल्यासारखे येतील. दोन्हीकडे आई दुःखीच आहे, पण वाचन पूर्ण वेगळं. ‘दुःखाने’ या शेऱ्यानं यातलं कुठलं हवं ते कधीच सांगितलं नसतं.

इथे मुलाचं आधीचं वाक्यही महत्त्वाचं आहे. प्रत्येकाचं रेकॉर्डिंग वेगळ्या दिवशी होत असेल, तर आईचं काम करणारीनं ते ऐकलेलंच नसतं. ते स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि बूथबाहेरून कुणीतरी मोठ्यानं वाचून द्या. नाहीतर नकाराला दिलेलं उत्तर सहज केलेल्या आग्रहासारखं येतं.

भावाचा शेरा कधीच नको असं नाही. हुंदका, धाप, दचकणं अशा बिनशब्दांच्या जागी तो सरळ लिहावा. ‘तीन जिने चढून आलाय’ ही तर उत्तमच सूचना, कारण ती शरीराची आहे.

आवाजाची पट्टी ठरवायला ‘मोठ्याने’पेक्षा अंतर लिहिलेलं बरं. ‘मुलगा ताटाशी बसलाय’ किंवा ‘तो अंगणात आहे’ एवढं पुरतं. ‘मोठ्याने’ म्हटलं की नुसता आवाज चढतो, माणूस लांब गेल्यासारखा वाटत नाही.

वेगाचं थोडक्यात. ‘सावकाश’ लिहिलं की सगळे शब्द सारखेच ताणले जातात. बहुतेक वेळा तुम्हाला सावकाश नको असतं, एका ठिकाणी थांबा हवा असतो. तिथे तिरकी रेघ मारा: ‘जेवून / घे’ वेगळं आणि ‘/ जेवून घे’ वेगळं. या आईला मी दुसरा थांबा देईन. तिला काय बोलावं ते सुचत नाहीये, जेवणाचा विषय ही पळवाट आहे. डबिंगमध्ये मात्र ही मोकळीक नाही, तिथे थांबा पडद्यावरचे ओठ ठरवतात.

राहिली वाक्य स्वतः म्हणून दाखवण्याची खोड. गावाचं नाव, आडनाव, बोलीतला एखादा शब्द कसा उच्चारायचा एवढ्यापुरतं जरूर म्हणून दाखवा. पण आख्खं वाक्य म्हणून दाखवलंत, तर कलाकार तुमची चाल उचलतो आणि पुढचे टेक तुमच्या नकलेचे होतात. टेक पटला नाही, तर हेतू तसाच ठेवून परिस्थितीतली एकच गोष्ट बदला. “आतून बाबांच्या खोकल्याचा आवाज आलाय,” एवढंच सांगा आणि पुन्हा घ्या.