ठरवलेले, आठवलेले आणि घडलेले तास

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री मी पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर भरलं. सोमवार ते शुक्रवार सकाळी 8 ते 10 या वेळात शोधनिबंधाचं लिखाण, म्हणजे एकूण 10 तास. साडेदहाला कॉलेजात एक तासाचं लेक्चर आणि दुपारी इतर कामं. मग त्या पानाचा फोटो काढून ठेवला. एरवी मी आठवडाभर कॅलेंडरमध्ये खाडाखोड करते आणि शुक्रवारपर्यंत मूळ बेत काय होता हेच पुसलं जातं. बेत गोठवून ठेवला नाही, तर प्रत्यक्षाशी ताडून पाहायला काही उरतच नाही.

दुसरीकडे एक वही ठेवली. दर अर्ध्या तासाला एक ओळ, आणि त्या अर्ध्या तासात खरोखर काय केलं ते त्यात लिहायचं. भारत सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणातही (2019 आणि 2024) असेच अर्ध्या तासाचे तुकडे असतात आणि दिवस पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4 असा मोजतात. फरक इतकाच, की तिथे प्रगणक घरी येऊन आदल्या दिवसाबद्दल विचारतो, तर मी दिवसातून चार-पाच वेळा वही उघडून मागच्या दोन-तीन तासांची नोंद करत होते. त्याहून उशीर झाला, की स्मरणशक्ती बेताच्या बाजूने झुकू लागते.

ती किती झुकते, हे पुढच्या रविवारी दिसलं. वहीतली बेरीज करण्याआधी मी स्वतःला विचारलं, लिखाण किती झालं? मनातून उत्तर आलं, सातएक तास. वही म्हणत होती, 4.

हा माझ्या एकटीचा दोष नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ जॉन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांनी सांगितलेले कामाचे तास त्यांच्या वेळेच्या डायऱ्यांशी ताडून पाहिले. आठवड्याला 75 तासांहून जास्त काम करतो असं सांगणाऱ्यांचा अंदाज सुमारे 25 तासांनी फुगलेला निघाला. त्यात खोटेपणा असेलच असं नाही. ‘साधारण आठवडा’ आठवताना आपल्याला थकवणारे दिवस पटकन आठवतात. मध्ये गेलेला दवाखान्याचा फेरा किंवा रेंगाळलेलं जेवण हिशेबात येत नाही.

आता ते हरवलेले 6 तास. मला वाटलं होतं, मोबाइलने खाल्ले असतील. मोबाइल आणि ईमेलवर गेले दीड तास. बँकेच्या कामात पाऊण तास. उरलेले पावणेचार तास मात्र लेक्चरने नेले होते. साडेदहाच्या लेक्चरसाठी मी रोज सव्वानऊलाच निबंध बाजूला ठेवून तयारीला बसत होते. पाच दिवस, रोज 45 मिनिटं. कॅलेंडरमध्ये लेक्चर एक तासाचं होतं, पण माझ्या दिवसात ते पावणेदोन तासांचं होतं. कॅलेंडर फक्त भेटी दाखवतं. त्यांच्या आधीची तयारी, प्रवास, नंतर दारात थांबून शंका विचारणारी मुलं, यांना तिथे चौकट नसते.

मग दर आठवड्याला तोच बेत पुन्हा का आखला जातो? 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर होतं सुमारे 34 दिवस. सगळंच बिघडलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सरासरी साडेपंचावन्न. बेत आखताना आपण समोरचं काम कसं पार पडेल याचं चित्र रंगवतो, मागच्या वेळी काय झालं होतं ते विचारात घेत नाही. वहीमुळे मागची वेळ आकड्यात समोर येते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. नोंद ठेवतोय या जाणिवेनेच माणूस थोडा सुधारतो, म्हणून पहिल्या दोन दिवसांचे आकडे जपून वाचावेत. सणाचा किंवा परीक्षेचा आठवडा घेतला तर तो इतर आठवड्यांबद्दल फारसं सांगत नाही. तीन-चार आठवडे हवेत. स्वयंपाक करता करता मुलाचा अभ्यास घेतला, तर तो अर्धा तास कुठे मांडायचा? मी मुख्य काम एका रकान्यात आणि सोबतचं दुसऱ्यात लिहिते, पण बेरजेत फक्त पहिलाच धरते. आणि वहीत सगळं नेमकं 9 ते 10, 10 ते 11 असं सरळ दिसू लागलं, तर ओळखावं की ते रात्री बसून आठवून भरलंय.

दुसऱ्या आठवड्यात मी लेक्चरला पावणेदोन तासांची चौकट दिली आणि लिखाणाला 6 तास. लिखाण झालं 5 तास. कमी पडलेला तास बुधवारचा होता. त्या दिवशी नवा धडा सुरू होणार होता आणि तयारीला 45 मिनिटं पुरली नाहीत.