रोजकीर्द आणि खातेवही: केळी वेफर्सच्या एका महिन्याचा हिशेब

सावद्याला माझी मावसबहीण घरीच केळी वेफर्स करते. एप्रिलचा हिशेब तिने मला दाखवायला आणला तेव्हा हातात दोन वह्या होत्या. मी विचारलं, "यातली कीर्द कोणती आणि खातेवही कोणती?" ती म्हणाली, "दादा, दोन्हीत तेच तर लिहिलंय!" आकडे तेच होते, हे खरं. पण दोन्ही वह्यांना प्रश्न वेगवेगळे विचारायचे असतात.

रोजकीर्दीला विचारायचं, त्या दिवशी काय झालं? खातेवहीला विचारायचं, आज अमुक माणसाकडे किंवा अमुक गोष्टीत किती आहे? कीर्द तारखेने चालते, खातेवही नावाने. 20 एप्रिलला केळीवाल्या शेतकऱ्याला 5,000 रुपये दिले ही घटना कीर्दीत एकाच जागी पूर्ण मिळते. त्याचे अजून किती द्यायचे आहेत, हे मात्र कीर्दीत शोधायचं तर महिनाभराची पानं उलटावी लागतात. खातेवहीत त्याच्या पानावर ते एका नजरेत दिसतं.

आपल्याकडे दुकानदार ज्याला "खातं" म्हणतात ती बहुतेक वेळा फक्त उधारीची वही असते. तिच्यात गिऱ्हाइकांची नावं असतात, पण रोख, खरेदी, भांडवल यांची पानं नसतात. म्हणून तिच्यावरून उधारी कळते, धंदा कळत नाही.

आता तिचा एप्रिल. 1 तारखेला तिने 60,000 रुपये रोख भांडवल घातलं. 18,000 ची स्लायसर, कढई, शेगडी घेतली. कच्ची केळी 600 किलो, 15 रुपये भावाने, 9,000 ची, शेतकऱ्याकडून उधार. तेलाचे 4 डबे 2,400 च्या भावाने, 9,600 रोख. भुसावळच्या एका दुकानाला 60 किलो वेफर्स 240 ने उधार दिले, 14,400. घरून 90 किलो 260 ने रोख विकले, 23,400. शेतकऱ्याला 5,000 दिले, दुकानाकडून 5,400 आले, मजुरीला 4,200 गेले, आणि 30 तारखेला 2,000 तिने घरासाठी घेतले. महिनाअखेर केळी, तेल, वेफर्स सगळं संपलं होतं. साहित्याचा घसारा या एका महिन्यापुरता मी धरलेला नाही.

दुकानाच्या पैशांची कीर्दीतली नोंद अशी:

एप्रिल 24. रोख खाते नावे 5,400
भुसावळ दुकान खाते जमा 5,400
(उधारीपैकी रोख मिळाली.)

इथेच ती अडखळली. "पैसे आले म्हणजे जमाच ना? मग रोख नावे कशी?" जुन्या पद्धतीच्या रोकडवहीत आलेली रक्कम जमेच्या बाजूला लिहितात, हे तिने वडिलांना करताना पाहिलेलं. तेही बरोबरच आहे. तिथे लिहिलेलं नाव समोरच्याचं असतं. दुकानाने पैसे दिले म्हणून दुकान जमा. रोखीचं खातं वेगळं लिहायचं कारण नसतं, कारण ती वहीच रोखीची असते. द्विनोंदी पद्धतीत, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्याला नावे आणि दुसऱ्याला जमा लिहिण्याच्या पद्धतीत, रोखीलाही स्वतःचं खातं असतं आणि आलेली रक्कम त्याच्या नावे पडते. दुकानाची बाजू दोन्हीकडे जमाच राहिली.

ही एक नोंद खातेवहीत दोन जागी जाते. रोखीच्या पानावर नावे बाजूला "भुसावळ दुकान 5,400", दुकानाच्या पानावर जमा बाजूला "रोख 5,400". याला खतावणी म्हणतात. खतावणी झाली की कीर्दीतल्या खा.पा. म्हणजे खातेपानाच्या रकान्यात त्या पानाचा आकडा टाकायचा. तो रकाना कोरा दिसला तर ती रक्कम खातेवहीत अजून पोचलेलीच नाही असं समजा. बरेच लोक हा रकाना सोडून देतात. मला तो सगळ्या कीर्दीत सगळ्यात कामाचा वाटतो.

महिनाअखेर प्रत्येक खात्याची शिल्लक काढून समीकरण तपासलं: मालमत्ता बरोबर देणं अधिक भांडवल. मालमत्तेत रोख 50,000, साहित्य 18,000, दुकानाकडून येणे 9,000, मिळून 77,000 यायला हवे होते. दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचं देणं 4,000 आणि मालकिणीचं भांडवल. भांडवल काढताना 60,000 मध्ये विक्री 37,800 मिळवायची, मग खरेदी 18,600, मजुरी 4,200 आणि उचल, म्हणजे घरासाठी घेतलेले 2,000, वजा करायची. उरतात 73,000. देणं धरून 77,000.

पण तिच्या वहीत मालमत्ता 77,900 येत होती. सगळ्या खात्यांच्या शिलका नावे आणि जमा अशा दोन बाजूंना मांडून बेरीज करतात ती तेरीज, तिच्यातही नावे बाजू 1,02,700 आणि जमा बाजू 1,01,800. फरक 900.

कीर्दीत एका नोंदीच्या दोन्ही रकमा शेजारी असतात, त्यामुळे तिथली तफावत लगेच डोळ्यात भरते. खतावणीत मात्र रक्कम एका वहीतून दुसरीत जाते आणि वाटेत आकडा बदलतो. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची. 900 ला जातो. दुकानाच्या पानावर 5,400 ऐवजी 4,500 पडले होते. म्हणून तिथे येणे 9,000 ऐवजी 9,900 दिसत होतं. रक्कम चुकीच्या बाजूला पडली असेल तर फरक तिच्या दुप्पट येतो. शेतकऱ्याचे 5,000 नावे ऐवजी जमा पडले असते तर फरक 10,000 आला असता. अशा वेळी फरकाचं अर्ध करून ती रक्कम कीर्दीत शोधावी.

900 चा फरक मिटला, दोन्ही बाजू 1,01,800 वर आल्या आणि ती वही मिटायला लागली. मी थांबवलं, कारण तिच्या खातेवहीत उचलीचं पानच नव्हतं. मजुरीच्या पानावर 6,200 होते.

30 तारखेचे घरचे 2,000 तिने मजुरीत टाकले होते. तरी समीकरण हललं नाही, आणि हलणारही नव्हतं. मजुरी असो की उचल, दोन्ही शेवटी भांडवलातूनच वजा होतात. रोख तेवढीच कमी होते, भांडवलही तेवढंच. बिघडला तो नफा. विक्रीतून खरेदी आणि मजुरी वजा जाता तो 15,000 यायला हवा, तिथे 13,000 दिसत होता. कीर्दीत एखादी नोंद मुळातच राहून गेली असती तरी तेरीज अशीच जुळली असती. अशी चूक बेरजेने सापडत नाही, कीर्द वाचावी लागते.

ती सापडली कीर्दीतल्या स्पष्टीकरणाच्या ओळीत. नोंद होती मजुरी खाते नावे 2,000, रोख खाते जमा 2,000. खाली कंसात तिनेच लिहिलं होतं: "पोराच्या शाळेची फी."

ती खोडून वर लिहायला लागली. मी म्हटलं, खोडू नको, नवी नोंद घाल:

एप्रिल 30. उचल खाते नावे 2,000
मजुरी खाते जमा 2,000
(घरखर्चाची रक्कम चुकून मजुरीत घेतली होती, ती दुरुस्त केली.)

तिने खातेवहीत उचलीचं नवीन पान उघडलं, मजुरीच्या पानावर जमेला 2,000 टाकले आणि कीर्दीच्या खा.पा. रकान्यात दोन्ही पानांचे आकडे भरले.