रेषेच्या कडेची पांढरी किनार: पेन्सिलचित्र स्कॅन करून रंगवताना

कागदावर पेन्सिलीने काढलेलं चित्र स्कॅन करून संगणकावर रंगवलं की बहुतेकांच्या पहिल्या चित्रात एक दोष हमखास दिसतो. रंग आणि रेषा यांच्या मधोमध बारीक पांढरी किनार राहते. दुरून चित्र ठीक वाटतं, जवळ नेलं की प्रत्येक आकार कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. ही किनार कुठून येते हे कळलं, की साफसफाई, सपाट रंग, छाया आणि रेषादुरुस्ती या चारही कामांचं मर्म हाती येतं.

उदाहरणाला नाशिककरांच्या ओळखीचं चित्र घेऊ. रामकुंडाजवळ गोदापात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. पूर आला की पाणी त्याच्या कुठवर चढलं यावरून अख्खं शहर पुराचा अंदाज बांधतं. आपलं चित्र मात्र पावसाळा सरल्यानंतरचं आहे: स्वच्छ ऊन, मारुतीच्या पायाशी उथळ पाणी, मागे काळ्या दगडाच्या पायऱ्या. एचबी पेन्सिलीने ए-फोर कागदावर काढलेलं.

स्कॅन ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल घेऊन, केलं तर ए-फोर कागदाचे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात. अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेषा त्यात साधारण ६ पिक्सेल रुंद येते. हा ६चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. स्कॅनरमधली आपोआप उजळपणा आणि धार वाढवणारी सोय बंद ठेवा आणि फाइल पीएनजी किंवा टिफमध्ये साठवा. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून माहिती कमी करतं आणि रेषेभोवती मळकट ठिपके सोडतं. ते नंतर एकेक करून पुसत बसावे लागतात. कागद पातळ असेल आणि मागच्या बाजूचं काही दिसत असेल, तर कागदाच्या पाठीमागे काळा कागद ठेवून स्कॅन करा. मागचा मजकूर बराचसा नाहीसा होतो.

करड्या स्कॅनमध्ये प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. आपल्याला पांढरा वाटणारा कागद इथे २३२च्या आसपास असतो आणि सर्वांत गडद रेषा ६८च्या आसपास. ग्रॅफाइट चमकतं, त्यामुळे ते पूर्ण काळं कधीच येत नाही. रेषेच्या मध्यापासून कडेकडे जाताना आकडे ६८, १३०, १९०, २१५ असे चढत जातात. पेन्सिलीच्या रेषेला ठाम काठ नसतो, आणि पांढऱ्या किनारीचं मूळ याच चढणीत आहे.

साफसफाईचं पहिलं हत्यार लेव्हल्स. त्यात एक काळा बिंदू आणि एक पांढरा बिंदू ठरवायचा. काळा ७० आणि पांढरा २२२ ठेवला, की २२२च्या वरचं सगळं, म्हणजे कागद आणि त्यावरचा फिकट मळ, शुद्ध पांढरं होतं. ७०च्या खालचं काळं होतं आणि मधलं त्या प्रमाणात ताणलं जातं. १९०चा पिक्सेल मग २०१ होतो: १९०मधून ७० वजा, भागिले १५२, गुणिले २५५. इथे हात आवरता घ्यावा. कागद झटकन स्वच्छ व्हावा म्हणून पांढरा बिंदू १८०वर आणला तर १९०चे सगळे पिक्सेल उडतात. मारुतीच्या छातीवरची हलकी छायारेषा, गदेवरचा गोलावा, पायऱ्यांच्या फटी नाहीशा होतात आणि उरलेल्या रेषांना करवतीसारखे दाते येतात. थोडा मळ राहिला तर खोडरबराने पुसता येतो, गेलेली रेषा परत आणता येत नाही. म्हणून मी कागद जेमतेम पांढरा होईल तिथेच थांबतो.

आखणीच्या रेषांसाठी एक जुनी युक्ती आजही उत्तम चालते. कच्ची आखणी फिकट निळ्या पेन्सिलीने करायची, पक्की रेषा काळ्या पेन्सिलीने आणि स्कॅन रंगीत घ्यायचं. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात आणि एकेका रंगाच्या आकड्यांच्या संचाला चॅनेल म्हणतात. निळी रेषा निळा प्रकाश कागदाइतकाच परतवते, त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये ती जवळजवळ दिसतच नाही. तेवढंच चॅनेल ठेवलं की आखणी आपोआप गळून पडते.

आता रंग. रेषेचा थर सगळ्यांत वर ठेवून त्याला मल्टिप्लाय पद्धत लावायची. या पद्धतीत वरच्या आणि खालच्या पिक्सेलचा गुणाकार करून २५५ने भागतात. वरचा पिक्सेल पांढरा असेल तर खालचा रंग जसाच्या तसा राहतो, काळा असेल तर उत्तर काळंच येतं. म्हणजे कागद पारदर्शक काचेसारखा वागतो आणि फक्त रेषा उरते. सपाट रंग, ज्याला चित्रकार फ्लॅट म्हणतात, या थराखाली वेगळ्या थरावर भरायचे.

इथेच पांढरी किनार जन्म घेते. बकेट हे साधन जिथे टिचकी मारली तिथून शेजारच्या पिक्सेलकडे पसरत जातं आणि रंगातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की थांबतं. ही मर्यादा ४० ठेवली तर ते २५५पासून २१५पर्यंतच जातं. २०१चा कडेचा पिक्सेल त्याला भिंत वाटते. त्याच्याखाली रंग पोचत नाही, पांढरंच राहतं, आणि शेंदरी अंगाशेजारी एक फिकट करडी-पांढरी रेघ उमटते. तोच पिक्सेल शेंदरी रंगावर, समजा (२३२, ९८, ३६) वर, पडला असता तर गुणाकाराने (१८३, ७७, २८) झाला असता, म्हणजे गडद शेंदरी, आणि रेषा अंगातूनच उगवल्यासारखी दिसली असती.

उपाय सोपा आहे: भरलेला रंग रेषेच्या पोटात ढकलायचा. बकेटला भरावाची हद्द वाढवायची सोय असते. रेषा ६ पिक्सेलची असेल तर हद्द ३ने वाढवावी, म्हणजे दोन्हीकडचे रंग रेषेच्या मध्यावर भेटतात. ६००वर स्कॅन केलं असेल तर ६. यापेक्षा जास्त वाढवलं तर बारीक रेषांच्या पलीकडे रंग डोकावतो.

दुसरी अडचण उलट दिशेची, रंग गळण्याची. कागदाला बारीक खरखरीतपणा असतो. ग्रॅफाइट त्याच्या उंचवट्यांवर बसतं आणि खळगे कोरे राहतात. डोळ्याला सलग दिसणारी रेषा स्कॅनमध्ये ठिकठिकाणी तुटलेली असते आणि मारुतीच्या खांद्यावर टाकलेला शेंदूर मागच्या पायऱ्यांवर पसरतो. अशा वेळी मूळ रेषा जाड करू नये. रेषेच्या थराची प्रत काढून ती थोडी धूसर आणि मग गडद करावी, म्हणजे फटी बुजतात. ही प्रत फक्त बकेटला हद्द दाखवायला वापरायची आणि नंतर लपवायची. मूळ रेषेचा दाणेदार पोत तसाच राहतो. तो पोत घालवायचा असेल तर पेन्सिलीने काढायचंच कशाला, असं माझं मत आहे.

फ्लॅट भरताना काठ मऊ करणारी अँटी-अलायझिंग बंद ठेवा. काठ पायऱ्यापायऱ्यांचा दिसेल, पण तो रेषेखाली झाकला जातो. फायदा असा, की पुढे एका टिचकीत मारुतीचं सगळं अंग नेमकं निवडता येतं, शेजारच्या रंगाशी मिसळलेले अर्धवट पिक्सेल मागे उरत नाहीत. काम झालं का हे पाहायला सगळ्यांत खाली भडक हिरवा थर टाकावा. जिथे हिरवा ठिपका चमकेल तिथे भोक राहिलेलं आहे.

छायेसाठी पुन्हा मल्टिप्लाय वापरतात आणि त्यामागे भौतिकशास्त्र आहे. पृष्ठभागावरून डोळ्यात येणारा प्रकाश म्हणजे त्यावर पडलेला प्रकाश गुणिले पृष्ठभाग त्यातला किती परत फेकतो ते प्रमाण. छायेचा थर म्हणजे कमी झालेला प्रकाश, फ्लॅट म्हणजे पृष्ठभागाचं प्रमाण. म्हणून एकच छायारंग सगळ्या वस्तूंवर चालतो. फक्त तो निव्वळ करडा नसावा. स्वच्छ उन्हात सावलीच्या जागी सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही, आकाशाचा निळा प्रकाश मात्र पोचतो. छायेला (१५०, १५५, १९०) असा निळसर जांभळा घेऊ. दगडाचा (११२, १०६, १००) हा किंचित उबदार करडा छायेत (६६, ६४, ७५) होतो, म्हणजे निळसर थंड. शेंदरी मात्र (१३६, ६०, २७) होतो, गडद पण शेंदरीच, कारण शेंदूर निळा प्रकाश फारसा परतवतच नाही. घाटावर सकाळी उभं राहून नीट पाहिलं तर हेच दिसतं.

छायेचा काठ कुठे धारदार आणि कुठे मऊ हेही मोजून ठरवता येतं. आकाशात सूर्य सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे सावलीची धूसर किनार ही अडवणाऱ्या वस्तूच्या अंतराच्या साधारण एकशेदहाव्या भागाइतकी असते. मारुतीच्या दंडाची छातीवर पडणारी सावली काही मिलिमीटरच धूसर होईल, ती कडक ब्रशने काढावी. दहा मीटरवरच्या उंच भिंतीची सावली जवळजवळ ९ सेंटिमीटर धूसर असते, ती मऊ हवी. सगळीकडे मऊ ब्रश फिरवला की मूर्ती फुग्यासारखी गुळगुळीत दिसते. नवशिक्यांच्या चित्रात हा दोष मला पांढऱ्या किनारीखालोखाल दिसतो. पुराच्या दिवसाचं चित्र असेल तर हा हिशेबच बदलतो. ढगांनी भरलेलं आकाश सगळीकडून प्रकाश देतं, सावलीला काठ राहत नाही आणि निळेपणाही ओसरतो. तिथे हाच छायारंग खोटा वाटेल.

मल्टिप्लाय फक्त गडद करू शकतं, ही त्याची मर्यादा. उन्हातल्या पायऱ्यांवरून उसळून मारुतीच्या पिंढऱ्यांवर येणारा उबदार उजेड दाखवायचा असेल तर वेगळ्या थरावर स्क्रीन ही उलट, उजळ करणारी पद्धत लावून तो अगदी हलका द्यावा.

रेषादुरुस्तीचा मोठा भाग मी मुद्दाम रंगानंतर ठेवतो. कोऱ्या कागदावर दोन आकार वेगळे दाखवायला रेषाच लागते, रंग आल्यावर पुष्कळदा लागत नाही. पाणी आणि पाय यांच्यामधली रेषा पुसली तर पाय पाण्यात उतरल्यासारखे दिसतात. ती ठेवली तर पाण्यावर ठेवल्यासारखे. उरलेल्या रेषांना रंग द्यायचा तर आधी पांढऱ्याचं पारदर्शकतेत रूपांतर करावं लागतं. जीआयएमपी आणि क्रिता या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती सोय `Color to Alpha` या नावाने आहे. त्यात २०१चा पिक्सेल सुमारे २१ टक्के अपारदर्शक काळा बनतो, म्हणजे रेषेची चढण शाबूत राहते. मग पारदर्शकता कुलूपबंद करून अंगावरच्या रेषांवर गडद तपकिरी आणि दगडावरच्या रेषांवर निळसर काळा फिरवावा.

चित्र मोबाइलवर पाठवण्यासाठी लहान करताना शेजारच्या पिक्सेलची सरासरी निघते आणि बारीक रेषा फिकट पडतात. म्हणून थर असलेली मूळ फाइल तशीच ठेवून लहान प्रत वेगळी काढावी. त्या प्रतीत रेषेच्या थरावर त्याच थराची आणखी एक प्रत कमी अपारदर्शकतेने ठेवली, की मारुतीच्या डोळ्यांच्या रेषा पुन्हा वाचता येतात.