५ टक्के की ५.६ टक्के? ए-बी टेस्टचा निकाल कसा जोखायचा

डेटा अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न साधारण असा असतो. एका दुकानाच्या वेबसाइटने खरेदीचं पान बदललं. जुनं पान, म्हणजे ए, १०,००० जणांना दाखवलं आणि त्यांतल्या ५०० जणांनी ऑर्डर दिली. नवं पान, म्हणजे बी, दुसऱ्या १०,००० जणांना दाखवलं आणि ५६० जणांनी ऑर्डर दिली. आता नवं पान सगळ्यांसाठी सुरू करायचं का?

ऑर्डर देणाऱ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून ५.६ टक्क्यांवर गेलं, म्हणजे ऑर्डरी १२ टक्क्यांनी वाढल्या. आकडा मोहात पाडणारा आहे. बरेच उमेदवार लगेच सूत्राकडे वळतात. पण ज्याने खऱ्या टेस्ट हाताळल्या आहेत, तो आधी दोन प्रश्न विचारतो. लोकांची वाटणी ठरल्याप्रमाणे झाली का? आणि हे १०,००० म्हणजे माणसं की भेटी?

वाटणीचं आधी बघू. प्रत्येक येणारा माणूस नाणं उडवल्यासारखा ए किंवा बीमध्ये पडतो, त्यामुळे २०,००० जणांची वाटणी बरोबर अर्धी-अर्धी सहसा होत नाही. योगायोगाने एका गटात १४० माणसं कमी किंवा जास्त असणं चालण्यासारखं आहे. पण १०,३०० आणि ९,७०० अशी वाटणी दिसली तर थांबायला हवं. खरोखर निम्मी वाटणी होत असताना इतका किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता एक लाखात सुमारे दोन आहे, म्हणजे कुठेतरी यंत्रणेतच बिघाड आहे. नेहमीचं कारण असं: नवं पान जड आहे, साध्या फोनवर ते उघडायला वेळ लागतो, आणि नोंद होण्याआधीच काही लोक निघून जातात. मागे उरतात ते चांगला फोन असलेले किंवा खरेदीचं पक्कं ठरवून आलेले. साहजिकच बीचं प्रमाण चढलेलं दिसतं आणि त्याचं श्रेय पानाच्या रचनेला मिळतं. अशा वेळी मोठ्या गटातल्या ६०० नोंदी काढून टाकून गट सारखे करण्यात काहीच अर्थ नाही, कारण गळालेले लोक कसे होते ते आपल्याला कळलेलंच नसतं. बिघाड शोधायचा, दुरुस्त करायचा आणि टेस्ट पुन्हा चालवायची.

दुसरा प्रश्न माणसं की भेटी हा. वाटणी माणसांची केली आणि मोजल्या मात्र भेटी, तर एकाच माणसाच्या चार भेटी चार वेगळ्या नोंदी होतात. त्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. ज्याला घ्यायचंच नाही तो चारही वेळा रिकामा परततो. सूत्राला हे ठाऊक नसतं. ते प्रत्येक नोंद स्वतंत्र धरतं आणि आपल्याकडे आहे त्याहून जास्त माहिती आहे असं समजून निकाल जास्त ठाम दाखवतं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रत्येक माणसाची एकच ओळ ठेवायची: टेस्टच्या काळात त्याने ऑर्डर दिली की नाही, हो किंवा नाही.

या दोन्ही तपासण्या पार पडल्या असं धरून आता गणित करू. दोन्ही गट मिळून २०,००० जणांत १,०६० ऑर्डरी, म्हणजे ५.३ टक्के. दोन्ही पानं हुबेहूब एकसारखी असती, तरी नुसत्या योगायोगाने दोन गटांच्या टक्केवारीत थोडा फरक पडलाच असता. तो साधारण किती हे सांगणारं माप म्हणजे स्टँडर्ड एरर. ते काढायला ०.०५३ ला ०.९४७ ने गुणायचं, त्याला १०,००० ने भागायचं, आलेल्याची दुप्पट करायची आणि वर्गमूळ घ्यायचं. उत्तर येतं ०.००३१७, म्हणजे ०.३१७ टक्के-बिंदू. आपल्याला दिसलेला फरक ०.६ टक्के-बिंदू. त्याला ०.३१७ ने भागलं की १.८९ मिळतं. प्रचलित कसोटीसाठी हा आकडा १.९६ च्या वर जायला हवा होता. पायथॉनमध्ये हेच दोन ओळींत होतं:

```python
from statsmodels.stats.proportion import proportions_ztest
z, p = proportions_ztest([560, 500], [10000, 10000])
# z = 1.89, p = 0.058
```

पी-व्हॅल्यू ०.०५८ आली. रेषा ०.०५ ची, म्हणून प्रचलित भाषेत हा निकाल सार्थक नाही. मुलाखत घेणारा इथेच खोदून विचारतो: ०.०५८ म्हणजे नेमकं काय? "बी चांगलं असण्याची शक्यता ९४ टक्के" हे उत्तर फार ऐकू येतं आणि ते चूक आहे. अर्थ असा की, दोन्ही पानांत काहीही फरक नसता आणि अशीच टेस्ट १०० वेळा केली असती, तर सुमारे सहा वेळा इतका किंवा याहून मोठा फरक, कोणत्याही बाजूने, निव्वळ योगायोगाने दिसला असता. पानं सारखी आहेत असं गृहीत धरून काढलेला आकडा पानं सारखी आहेत की नाहीत याची शक्यता सांगू शकत नाही. त्यासाठी अशा बदलांपैकी किती बदल मुळात उपयोगी ठरतात हेही माहीत असावं लागतं. आणि ०.०५ ची रेषाही काही निसर्गनियम नव्हे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची म्हणून सुचवली आणि ती रूढ झाली.

एक पळवाट इथे सुचते. "बी वाईट असेल असं आम्हाला वाटतच नव्हतं, म्हणून एकाच बाजूची कसोटी लावू." तसं केलं की पी-व्हॅल्यू निम्मी होऊन ०.०२९ येते. टेस्ट सुरू होण्याआधी हे लिहून ठेवलं असेल तर ठीक. निकाल पाहून कसोटी निवडली, तर ०.०५ ची रेषा प्रत्यक्षात ०.१० ची होते.

माझ्या मते पी-व्हॅल्यूपेक्षा कॉन्फिडन्स इंटरव्हल जास्त कामाचा असतो आणि उमेदवाराने तो स्वतःहून सांगावा. ०.६ मधून १.९६ गुणिले ०.३१७ वजा आणि त्यात तेवढेच मिळवले की ९५ टक्क्यांचा पट्टा मिळतो: उणे ०.०२ ते अधिक १.२२ टक्के-बिंदू. दुकानदाराच्या भाषेत, दर एक लाख ग्राहकांमागे सुमारे २० ऑर्डरी कमी होण्यापासून ते सुमारे १,२२० ऑर्डरी वाढण्यापर्यंत काहीही या आकड्यांशी जुळतं. म्हणजे "फरक नाही" हे सिद्ध झालेलं नाही. फरक किती, हे एवढ्या लोकांवरून ठरत नाही, इतकंच कळलं.

मग स्वाभाविकपणे पुढची सूचना येते: "थोडक्यात हुकलंय, अजून चार दिवस चालू ठेवू." बहुतेक टेस्ट इथेच बिघडतात. पी-व्हॅल्यू दिवसागणिक वरखाली होत असते. रोज डॅशबोर्ड उघडायचा आणि ती ०.०५ खाली गेली की टेस्ट थांबवायची, असं केलं तर योगायोगाला जिंकायच्या अनेक संधी मिळतात. आर्मिटेज, मॅकफर्सन आणि रो यांनी १९६९ मध्ये याचा हिशोब मांडला. मुळात काहीच फरक नसताना, सारख्या अंतराने दोनदा पाहिलं तर खोट्या विजयाची शक्यता ५ टक्क्यांवरून सुमारे ८ टक्क्यांवर जाते, पाचदा पाहिलं तर १४ वर आणि दहा वेळा पाहिलं तर १९ वर. शिवाय "हुकलं तरच वाढवायचं, जिंकलं तर थांबायचं" हा नियम एकाच दिशेने झुकलेला असतो. मध्ये पाहणं गरजेचंच असेल, तर त्याची किंमत आधी मोजावी लागते. पोकॉक यांच्या १९७७ च्या पद्धतीत पाचदा पाहायचं ठरवलं, तर प्रत्येक वेळी रेषा ०.०५ ऐवजी ०.०१६ च्या आसपास ठेवतात.

खरी चूक मात्र टेस्ट सुरू होण्याआधीच झाली होती: प्रत्येक गटात १०,००० माणसं हा आकडा कुठून आला? मूळ प्रमाण ५ टक्के आहे, ०.६ टक्के-बिंदूंची खरी वाढ असली तर ती ८० टक्के वेळा पकडता यावी आणि रेषा ०.०५ ची असावी, एवढं ठरवलं की प्रत्येक गटात सुमारे २२,००० माणसं लागतात. तोंडी हिशोबाचा नियम असा: मूळ प्रमाण गुणिले उरलेलं प्रमाण गुणिले १६, भागिले फरकाचा वर्ग. इथे ते २१,००० च्या थोडं वर येतं, म्हणजे मुलाखतीला पुरेसं जवळ. फरकाचा वर्ग खाली असल्यामुळे निम्मा फरक पकडायचा तर चौपट माणसं लागतात, हेही त्यातूनच दिसतं. १०,००० माणसांत ०.६ ची खरी वाढ पकडली जाण्याची शक्यता जेमतेम ४७ टक्के होती.

लहान टेस्टचा दुसरा तोटा सहज लक्षात येत नाही. आपल्या टेस्टमध्ये सार्थक ठरायला फरक किमान १.९६ गुणिले ०.३१७, म्हणजे ०.६२ टक्के-बिंदू दिसायलाच हवा. समजा नव्या पानाची खरी वाढ ०.३ च आहे. मग ही टेस्ट जेव्हा जेव्हा बीच्या बाजूने "जिंकेल", तेव्हा तेव्हा ती खऱ्याच्या दुपटीहून मोठा आकडा दाखवेल. त्याहून लहान आकडा गाळणीतून खाली येऊच शकत नाही. पान सगळ्यांसाठी सुरू केल्यावर "टेस्टमध्ये दिसलेली वाढ गेली कुठे?" हा प्रश्न कंपन्यांत वारंवार पडतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर: या आकड्यांवर नवं पान चांगलं ठरवता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. जुने आकडे बाजूला ठेवून नवी टेस्ट आखायची. प्रत्येक गटात २२,००० म्हणजे एकूण ४४,००० माणसं. रोज ४,००० नवी माणसं येत असतील तर ११ दिवस लागतील. पण शनिवार-रविवारी खरेदी करणारे आणि कामाच्या दिवशी खरेदी करणारे सारखे वागत नाहीत, म्हणून टेस्ट पूर्ण आठवड्यांत मोजायची आणि ती १४ दिवस चालवायची. मुख्य मोजमाप एकच, ऑर्डर देणाऱ्यांचं प्रमाण. त्याच्या जोडीला रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डरींवर नजर ठेवायची, कारण घाईने दाबलं जाणारं बटण ऑर्डरी वाढवतं आणि परतावेही. वाटणीची तपासणी मात्र रोज करायला हरकत नाही: त्यात कोण जिंकतंय हे पाहिलं जात नाही, आणि बिघाड असेल तर तो पहिल्याच दिवशी सापडलेला बरा.