तंबाखू सोडल्यावर साखर का वाढते आणि पाय कसा वाचतो

एक उदाहरण घेऊ. छप्पन्न वर्षांचे एक गृहस्थ, मधुमेह बारा वर्षांचा, दिवसाला दहा सिगारेट आणि मधल्या वेळेत तोंडात तंबाखू. नवीन बुटाने उजव्या पायाच्या अंगठ्याला घासून जखम झाली, पण ती दुखली नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा ती लक्षात आली आणि सहा आठवडे उलटूनही भरेना. रक्तातील साखर त्यांनी बऱ्यापैकी आटोक्यात ठेवली होती. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ७.४ टक्के होते. मग जखम का भरत नव्हती?

याचे उत्तर साखरेइतकेच रक्तपुरवठ्यातही आहे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायाच्या मज्जातंतूंची संवेदना बोथट होते, म्हणून घासलेले कळत नाही. त्याच साखरेने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब होऊन तिथे चरबीचे थर साचू लागतात. तंबाखूचा घाव नेमका त्याच अस्तरावर बसतो. निकोटिनमुळे अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये स्रवतात, त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात आणि त्वचेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्टपणे चिकटतो. म्हणजे जखमेपर्यंत पोचणारे रक्त कमी, आणि जे पोचते त्यात ऑक्सिजनही कमी. नवे ऊतक तयार व्हायला आणि जंतूंशी लढायला ऑक्सिजन तर भरपूर लागतो.

त्यांच्या पायाची तपासणी अवघ्या काही मिनिटांची होती. झोपवून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब डॉप्लर यंत्राने मोजला गेला: दंडात १४०, घोट्यात ९६. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागले की घोटा-दंड निर्देशांक मिळतो, इथे तो सुमारे ०.६९ आला. निरोगी माणसात तो साधारण १ ते १.४ असतो, आणि ०.९ किंवा त्याहून कमी असला तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असे मानतात. मधुमेहात मात्र एक फसगत होते. जुन्या मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या इतक्या कडक होतात की पट्ट्याने दाबल्या जात नाहीत. मग घोट्यातला दाब खोटा जास्त येतो आणि निर्देशांक निरोगी वाटतो, कधी १.४ च्याही वर जातो. त्यामुळे जखम भरत नसेल आणि निर्देशांक चांगला असेल तर अंगठ्याचा रक्तदाब वेगळा मोजावा लागतो, कारण बोटांच्या धमन्या अशा कडक होण्यातून बहुधा वाचलेल्या असतात. तो दाब ३० च्या खाली असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा फार थोडी. या गृहस्थांचा तो ४८ होता, म्हणजे जखमेला अजून संधी होती.

चालताना पोटरीत गोळा येणे आणि थांबल्यावर तो जाणे, ही धमन्या अरुंद झाल्याची ओळखीची खूण आहे. पण मज्जातंतू बधिर असतील किंवा माणूस फारसा चालतच नसेल तर ती दिसत नाही. म्हणूनच ‘पाय दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हे मधुमेहात धरून चालता येत नाही.

‘धूर सोडून नुसती तंबाखू चघळली तर निदान रक्तवाहिन्या तरी वाचतील’ असे अनेकांना वाटते. यात अर्धेच खरे आहे. चघळताना कार्बन मोनॉक्साइड आत जात नाही, पण निकोटिन जाते, आणि चुन्यासारख्या अल्कलीमुळे ते तोंडाच्या अस्तरातून अधिक सहज रक्तात उतरते. रक्तातली त्याची पातळी सिगारेटपेक्षा सावकाश चढते, मात्र जास्त वेळ टिकते. शिवाय जिथे तंबाखूची गोळी ठेवली जाते तिथली हिरडी मागे सरते आणि दातांची मुळे उघडी पडतात. मधुमेहात हिरड्यांचा संसर्ग मुळातच जास्त होतो, आणि असा दीर्घ संसर्ग साखर वाढवतो. काही चघळण्याच्या तंबाखूंत साखरही मिसळलेली असते. सिगारेट सोडून चघळणीवर आलेल्या माणसाने तंबाखू सोडली असे म्हणता येत नाही.

आता सोडण्याकडे येऊ. माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून जवळपास निघून जातो. त्याच दिवसांत माणसाला घाम येतो, हात थरथरतात, चिडचिड होते, भूक लागते. निकोटिन तुटल्याची ही लक्षणे साखर उतरल्याच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती आहेत की अनुभवी रुग्णही गोंधळतो. ओळखण्याचा उपाय एकच, ग्लुकोमीटरने बोटाची तपासणी. आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. आकडा १४८ आला तर ती तंबाखूची तलफ आहे. ती काही मिनिटांत ओसरते, पाणी प्यावे, जागा बदलावी. प्रत्येक तलफेला ‘साखर उतरली असेल’ म्हणून गोड खाल्ले, तर महिनाअखेरीस साखर नक्की वाढलेली असेल.

उलट दिशेचा धोकाही असतो. निकोटिन इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते आणि इंजेक्शनच्या जागी रक्तवाहिन्या आकसून इन्सुलिन सावकाश शोषले जाते. ते बंद झाल्यावर तोच डोस जास्त काम करू शकतो. म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने सोडण्याची तारीख ठरवतानाच डॉक्टरांना सांगावे आणि पहिले काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासणी करावी.

आणि तरीही वर्षभराचा हिशेब काढला तर एचबीए१सी थोडे वाढलेले दिसते. ब्रिटनमधील हजारो मधुमेही धूम्रपान करणाऱ्यांच्या नोंदी तपासून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात ते सरासरी ०.२ टक्क्याने वाढले आणि सुमारे तीन वर्षांनी न सोडलेल्यांच्या बरोबरीला आले. ही वाढ नुसत्या वाढलेल्या वजनामुळे नव्हती. सोडल्यानंतर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते, हेही खरे. त्यावर औषधात फेरफार करता येतो आणि करायला हवा. पण या ०.२ टक्क्याकडे पाहून ‘सोडून उपयोग झाला नाही’ म्हणणारा चुकीची वही पाहतो आहे. तंबाखूचे नुकसान मुख्यतः रक्तवाहिन्यांत होते, त्यामुळे लाभही तिथेच शोधावा लागतो.

आपल्या गृहस्थांनी निकोटिनच्या पट्टीच्या आधाराने दोन्ही सवयी सोडल्या. पट्टीतही निकोटिन असतेच, पण ते हळूहळू येते आणि त्यात धुराचे विष नसते. जखम असताना ही अदलाबदल फायद्याची ठरते. सोबत जखमेवरचा दाब काढणारी चप्पल, नियमित मलमपट्टी आणि जंतुसंसर्गावर उपचार चालू होते, कारण नुसते सोडून जखम भरत नाही. सहाव्या महिन्यात एचबीए१सी ७.७ आले आणि ते खट्टू झाले. घोटा-दंड निर्देशांक ०.७१ होता. हा फरक मोजणीच्या चुकीइतकाच लहान आहे, कारण अरुंद झालेली धमनी सिगारेट सोडून रुंद होत नाही, फक्त पुढे अरुंद होण्याचा वेग कमी होतो. डॉक्टरांनी औषधाचा डोस बदलला आणि अंगठा उजेडात धरून दाखवला. जखमेच्या जागी फिकट गुलाबी नवी त्वचा आली होती.